विमान सव्वा तासात लेहला, शरीर तीन दिवसांनी

दिल्लीहून सुटलेलं विमान साधारण सव्वा तासात लेहला उतरतं. मुंबई-पुण्याची मंडळी त्यासाठी आदल्या रात्रीच घर सोडून निघालेली असतात. विमानतळावरचं जागरण, पोटात चहा-बिस्किटं, आणि मग खिडकीतून दिसणारी हिमशिखरं. बाहेर पाऊल टाकल्यावर हवा इतकी स्वच्छ आणि कोरडी वाटते की छाती भरून श्वास घ्यावा. पहिले दोन-तीन तास बहुतेकांना काहीच होत नाही. किंचित हलकं वाटतं, जिना चढताना थोडा दम लागतो, एवढंच. ‘लोक उगाच घाबरवतात’ असं कुणीतरी म्हणतंच.

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 3,500 मीटरवर आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. दोन कळसूबाई एकावर एक रचल्या तरी लेह त्यांच्याहून दोनशे मीटर वरच राहील. महाबळेश्वर-माथेरानला जाऊन ‘आम्हाला घाटाची सवय आहे’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. साधारण 2,500 मीटरच्या खाली हा त्रास क्वचितच होतो आणि महाराष्ट्रातला एकही डोंगर तिथवर पोचत नाही. म्हणजे सह्याद्रीत आयुष्यभर ट्रेक केलेल्या माणसालाही आपलं शरीर उंचीवर कसं वागेल याचा काहीच अंदाज नसतो.

अशा सहलीचा एक नेहमीचा क्रम पाहू. पुण्याचं एक कुटुंब समजा. आई-बाबा, मुलगा, सून. बाबांचं वय अठ्ठावन्न. दर रविवारी सिंहगड चढणारे, रक्तदाब नाही, साखर नाही. हे कुटुंब कुणा एकाचं नाही, पण लेहच्या हंगामात त्यांच्यासारखी माणसं वारंवार दिसतात. सकाळी आठला हॉटेल, नाश्ता, थोडी झोप. ‘आज पूर्ण विश्रांती’ असं सहलीच्या कागदावर लिहिलेलं असतं, पण पाच रात्रींच्या सहलीत अख्खा दिवस खोलीत काढायचा म्हणजे पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. म्हणून दुपारी बाजार आणि संध्याकाळी शांती स्तूप. तिथं गाडी वरपर्यंत जाते, पण बाबा पायऱ्यांनीच चढतात, कारण सिंहगडाची सवय.

सात वाजता डोकं ठणकायला लागतं. जेवणाच्या ताटाकडे पाहून मळमळतं. ‘पित्त उठलंय, जागरण झालं ना,’ बाबा म्हणतात. आई पर्समधून पित्ताची गोळी काढून देते. रात्री दोनदा ते दचकून उठतात, श्वास अडकल्यासारखा वाटतो. सकाळी डोकं आणखी जड.

मराठी घरात डोकेदुखी आणि मळमळ एकत्र आली की निदान ठरलेलंच असतं. जागरण, उपाशीपोटी प्रवास, हॉटेलचं तेलकट जेवण, सगळे पुरावेही हाताशी असतात. लेहमध्ये मात्र हे निदान महागात पडू शकतं. उंचीवर काम करणारे डॉक्टर उलट नियम पाळतात: वर गेल्यावर पहिल्या काही दिवसांत जे काही बिघडेल ते उंचीमुळेच, जोवर दुसरं कारण पक्कं सापडत नाही तोवर.

हवेत कमी काय असतं?

‘वर ऑक्सिजन कमी असतो’ हे सगळे म्हणतात, पण ते अर्धंच बरोबर आहे. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण मुंबईतही सुमारे 21 टक्के आणि खारदुंग ला खिंडीतही तेवढंच. कमी होतो तो हवेचा दाब. आपल्या डोक्यावरच्या हवेच्या वजनाने खालची हवा दाबलेली असते. जितकं वर जावं तितकं हे वजन कमी आणि हवा विरळ. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. पँगाँग सरोवर सुमारे 4,250 मीटरवर आहे, तिथे तो साठ टक्क्यांच्या आसपास उतरतो. खारदुंग ला 5,359 मीटरवर, तिथे जवळपास निम्मा. त्याच मापाचा श्वास घेतला तरी त्यात ऑक्सिजनचे रेणू त्याच हिशेबाने कमी येतात. दाब आणि ऑक्सिजन यांचं हे नातं पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रयोगांनी सिद्ध केलं आणि 1878 मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला.

त्यात रक्ताची एक खोड आहे. हवेतला ऑक्सिजन थोडा कमी झाला तर रक्तातलं त्याचं प्रमाण फारसं बदलत नाही. महाबळेश्वरला म्हणूनच काही जाणवत नाही. पण एका मर्यादेनंतर ते झपाट्याने घसरू लागतं, आणि लेह साधारण त्या उताराच्या तोंडाशी आहे. सपाटीवर बोटाला लावलेला ऑक्सिमीटर 97-98 दाखवतो. लेहला पहिल्या दिवशी तोच 85 ते 90 दाखवतो आणि माणूस तरीही ठीक असू शकतो. पुण्यात हा आकडा दिसला तर घरचे रुग्णवाहिका बोलावतील. लेहच्या पुढे पाच-सातशे मीटर चढलं की आकडा आणखी भराभर खाली येतो, आणि झोपेत त्याहूनही खाली.

सहा तासांचा उशीर

शरीर हातावर हात ठेवून बसत नाही. मानेत रक्तवाहिन्यांच्या फाट्यावर तांदळाच्या दाण्याएवढे ऑक्सिजनचे पहारेकरी आहेत. रक्तातला ऑक्सिजन उतरला की ते काही मिनिटांतच मेंदूला कळवतात आणि श्वास जलद होतो. पण जलद श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर जातो आणि रक्त अल्कधर्मी होऊ लागतं. श्वासाचं नियंत्रण करणाऱ्या केंद्राला हे मानवत नाही, म्हणून ते श्वासाला लगाम घालतं. एक यंत्रणा सांगते ‘जोरात घे’, दुसरी सांगते ‘पुरे’. रात्री झोपेत या ओढाताणीचा आवाजच ऐकू येतो: काही खोल श्वास, मग दहा-पंधरा सेकंद शांतता, मग एकदम धापा टाकत पुन्हा सुरुवात. शेजारी झोपलेली व्यक्ती घाबरते. उंचीवर नव्याने आलेल्या माणसाला हे होणं सर्वसाधारण आहे आणि एवढ्यावरून ते आजाराचं लक्षण ठरत नाही.

हा लगाम सैल करायचं काम मूत्रपिंडांचं. ती जास्तीचा बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून रक्त पुन्हा ताळ्यावर आणतात, पण त्याला दोन ते चार दिवस लागतात. विमानाला सव्वा तास, मूत्रपिंडाला तीन दिवस. सगळा घोटाळा या दोन वेळांच्या फरकात आहे. (लाल पेशी वाढून रक्त ‘सरावतं’ ही लोकप्रिय समजूत पहिल्या आठवड्याला लागू नाही; त्या वाढायला काही आठवडे जातात.) म्हणूनच पहिल्या दिवशी वारंवार लघवीला लागत असेल तर कुरकुर करू नये. शरीर जुळवून घेतंय याची ती चांगली खूण असते. ज्यांना त्रास होतो त्यांच्या अंगात बहुधा उलट पाणी साठून राहतं.

मधल्या काळात मेंदू आपली सोय स्वतः करतो. ऑक्सिजन कमी मिळतोय म्हटल्यावर त्याच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्ताचा ओघ वाढतो, कवटीच्या बंद डब्यात थोडा ताण येतो. डोकं दुखण्याचं मुख्य कारण हेच मानलं जातं. वाकलं की ठणका वाढतो, आडवं पडल्यावर आणि पहाटे जास्त जाणवतो. त्याच्या जोडीला मळमळ किंवा जेवणावरची वासना उडणं, असाधारण थकवा, चक्कर यांपैकी काही असेल तर त्याला उंचीचा आजार म्हणायचं, अशी जगभर वापरली जाणारी साधी कसोटी आहे. ती 1991 मध्ये ठरली आणि 2018 मध्ये सुधारताना तिच्यातून झोपेची तक्रार वगळण्यात आली, कारण उंचीवर झोप जवळपास सगळ्यांचीच बिघडते.

महत्त्वाचं म्हणजे हा सगळा प्रकार सुरू व्हायला सहसा सहा ते बारा तास लागतात. खिंडीत गाडीतून उतरल्या उतरल्या धाप लागते किंवा गरगरतं, ती त्या क्षणाची ऑक्सिजनची तूट. गाडी खाली उतरली की ती जाते. आजार मात्र तासन्तास मुरतो. मनालीहून रोहतांगला, जवळपास 4,000 मीटरवर, जाऊन बर्फात खेळून संध्याकाळी परतलेल्यांना म्हणूनच सहसा काही होत नाही. हेलिकॉप्टरने केदारनाथला जाऊन दर्शन घेऊन दोन तासांत खाली आलेल्यांचंही तेच. त्याच 3,583 मीटरवर रात्री मुक्काम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. दिवसा किती उंच गेलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात, हा प्रश्न जास्त मोलाचा आहे.

सैनिक आणि पर्यटक

या आजाराबद्दल जगाला जे कळलं त्यात भारतीय लष्कराचा वाटा मोठा आहे, आणि त्याची किंमतही जवानांनीच मोजली. 1962 च्या चीन युद्धाच्या वेळी आणि नंतर मैदानी भागातल्या तुकड्या विमानाने थेट उंचावर उतरवल्या गेल्या. धडधाकट तरुण जवान दोन-तीन दिवसांत धापा टाकत रुग्णालयात येऊ लागले. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या. 1969 मध्ये अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला, त्यात 3,350 ते 5,500 मीटरवर आजारी पडलेल्या 1,925 सैनिकांचा अभ्यास होता. त्याआधी, 1960 मध्ये, चार्ल्स ह्यूस्टन या गिर्यारोहक डॉक्टरने कोलोरॅडोतल्या एका निरोगी तरुण स्कीअरची हकिगत छापली होती. त्याच्या फुप्फुसांत पाणी झालं होतं, आणि कारण न्यूमोनिया नव्हता, हृदयविकार नव्हता, केवळ उंची होती. तोवर अशा कित्येक मृत्यूंवर न्यूमोनियाचा शिक्का बसत आला होता.

सिंग यांच्या सैनिकांत एक चक्रावून टाकणारी गोष्ट दिसली. काही जवान महिनोन्महिने वर राहून सरावलेले होते, सुट्टीवर गावी जाऊन परत आले आणि मगच आजारी पडले. शरीराची ही कमाई खाली उतरलं की काही दिवसांत पुसली जाते. ‘दोन वर्षांपूर्वी लडाखला गेलो होतो, काही झालं नव्हतं’ या वाक्याला त्यामुळे मर्यादितच अर्थ आहे. मागे त्रास झाला असेल तर पुन्हा होण्याची शक्यता मात्र खरोखरच जास्त.

आज लष्कर लेहला उतरलेल्या जवानाला पहिला टप्पा म्हणून सहा दिवस देतं. पहिले दोन दिवस नुसती विश्रांती, मग दोन दिवस सपाटीवर सावकाश चालणं, मग थोडा चढ. 12,000 फुटांच्या वर जायचं तर आणखी चार दिवस, 15,000 च्या वर पुन्हा चार. हा जवान विशीतला आणि व्यायामाने कमावलेल्या शरीराचा असतो. आपले अठ्ठावन्न वर्षांचे बाबा तिसऱ्या दिवशी सकाळी 17,500 फुटांच्या खिंडीत उभं राहून फोटो काढणार आहेत.

तब्येत कमावलेली असली म्हणजे आपण सुरक्षित, हा या विषयातला सर्वांत हट्टी गैरसमज आहे. दम चांगला असणं आणि उंचीशी जुळवून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी. उलट तंदुरुस्त माणूस भराभर चढतो, दुखणं अंगावर काढतो आणि जास्त अडचणीत येतो. एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचे गावात, 4,243 मीटरवर, हॅकेट आणि रेनी या डॉक्टरांनी 278 पदयात्री तपासले. 1976 मध्ये त्यांनी छापलेल्या निष्कर्षानुसार निम्म्याहून अधिक जणांना त्रास झाला होता, आणि खालून चालत आलेल्यांपेक्षा लुक्लापर्यंत विमानाने आलेल्यांत तो जास्त होता.

पँगाँगची रात्र

आपल्या कुटुंबाकडे परत जाऊ. दुसऱ्या दिवशी बाबांचं डोकं दुखतच होतं, पण गोळी घेऊन ते सगळ्यांबरोबर फिरले. तिसऱ्या दिवशी खारदुंग ला ओलांडून नुब्रा खोऱ्यात हुंदर. हुंदर साधारण 3,100 मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा खालीच. रात्री झोप बरी लागली, भूक लागली. ‘सेट झालं शरीर,’ असं सगळ्यांना वाटलं. चौथ्या दिवशी श्योक नदीच्या कडेने थेट पँगाँग. मुक्काम 4,250 मीटरवर. एका दिवसात झोपण्याची उंची अकराशे मीटरने वाढली. 3,000 मीटरच्या वर झोपण्याची जागा दर दिवशी 500 मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा जगभरचा संकेत आहे. या सहलीने तो दोनदा मोडला, एकदा मुंबईहून लेहला येताना आणि दुसऱ्यांदा इथे.

संध्याकाळी तंबूपासून पाण्यापर्यंत जाताना बाबा मागे पडले. हे पहिलं खरं लक्षण, आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. सपाटीवर चालताना बरोबरीच्यांपेक्षा मागे पडणं, थांबल्यावरही धाप न ओसरणं, सुका खोकला. रात्री आडवं पडवेना, बसून राहिले. पहाटे खोकल्याबरोबर गुलाबीसर फेस आला. तंबूवाल्याच्या ऑक्सिमीटरवर आकडा 60 च्या घरात, बाकीच्यांचा 80 च्या वर.

मेंदूतल्या रक्तवाहिन्या ऑक्सिजन कमी झाला की रुंदावतात. फुप्फुसातल्या नेमक्या उलट आकसतात. सपाटीवर ही सोयीची सवय आहे, कारण फुप्फुसाच्या बिघडलेल्या कोपऱ्यातून रक्त वळवून ते चांगल्या भागात पाठवता येतं. उंचीवर मात्र सगळं फुप्फुसच ऑक्सिजनला मुकलेलं. काही लोकांत हे आकसणं जोरदार आणि असमान होतं, मग ज्या थोड्या वाहिन्या उघड्या राहतात त्यांच्यावर सगळा दाब येतो आणि त्यांच्या पातळ भिंतींतून पाणी हवेच्या पिशव्यांत झिरपू लागतं. थंडी आणि श्रम यांनी दाब आणखी चढतो. हे सहसा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, बहुतेकदा रात्री घडतं आणि आधी डोकं दुखलंच पाहिजे असंही नाही. उंचीच्या आजाराने होणारे मृत्यू सर्वाधिक याच प्रकाराने होतात.

दुसरा जीवघेणा प्रकार मेंदूचा. तिथे सूज वाढून माणूस बरळतो, विनाकारण चिडतो, गुंगीत जातो. तो ओळखायला उपकरण लागत नाही. जमिनीवर सरळ रेष धरून, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत दहा पावलं चालायला सांगावं. तोल गेला, पाय फाकले, तर वेळ घालवू नये. ‘दमलाय, झोपू दे’ हे वाक्य इथे सर्वांत धोक्याचं, कारण अशा झोपेतून माणूस बेशुद्धीत जाऊ शकतो.

बाबांच्या बाबतीत उपाय एकच, खाली नेणं आणि वाटेत ऑक्सिजन. तीनशे ते हजार मीटर उतरलं की बहुतेकांना स्पष्ट फरक पडतो. आणि लडाखची खरी अडचण इथे सुरू होते. पँगाँगहून लेहचा नेहमीचा रस्ता आधी वर चढतो, चांग ला खिंडीत, 5,300 मीटरच्या पुढे. नुब्रामध्ये कुणी आजारी पडलं तर लेह आणि त्याच्यामध्ये खारदुंग ला उभी. खुद्द लेहमध्ये बिघडलं तरी मनालीच्या रस्त्यावर 5,000 मीटरच्या वरची तांगलांग ला आणि श्रीनगरच्या रस्त्यावर 4,100 मीटरची फोतू ला ओलांडावी लागते. नकाशात ‘खाली’ दिसणारी गावं प्रत्यक्षात डोंगरापलीकडे आहेत. नेपाळमधला पदयात्री आल्या वाटेने पावलापावलाने उतरतो. लडाखच्या पर्यटकाला उतरण्यासाठी आधी चढावं लागतं, तेही चालू सिलिंडरसह.

बाबांना सिलिंडर लावून खिंड न थांबता पार केली आणि दुपारी लेहच्या सरकारी रुग्णालयात पोचवलं. तिथं दोन दिवस सलग ऑक्सिजन मिळाल्यावर फुप्फुसं साफ झाली. वेळेत ओळखलं तर हा आजार असा झपाट्याने बरा होतो, मागे काही ठेवत नाही. मुलाने मात्र हिशेब मांडला: मागे पडण्यापासून सिलिंडर लागेपर्यंत जवळजवळ बारा तास गेले होते, आणि पहिल्या डोकेदुखीपासून चार दिवस.

कापूर, लसूण आणि गोळी

मराठी सहलींत कापराची पुरचुंडी हमखास असते. हुंगल्यावर नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, कारण कापूर नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या चेतातंतूंना चाळवतो. रक्तातला ऑक्सिजन त्याने एका टक्क्यानेही वाढत नाही. हुंगण्यात फारसा तोटा नाही; पोटात मात्र तो विषारी आहे, लहान मुलांना तर फारच. लसणीचं सूप गरम म्हणून प्यावं, औषध म्हणून नव्हे. होमिओपॅथीच्या ‘कोका’ गोळ्यांवर भिस्त ठेवण्याजोगा पुरावा नाही. औषधांच्या दुकानात मिळणारा परफ्यूमच्या बाटलीसारखा ऑक्सिजनचा डबा दहा लिटरचा असला, तर मिनिटाला दोन लिटरने पाच मिनिटांत संपतो. खऱ्या रुग्णाला तासन्तास ऑक्सिजन लागतो.

पाणी चार-पाच लिटर ढोसा, असा सल्लाही सर्रास मिळतो. कोरड्या हवेत तहान भागवण्याइतकं पाणी हवंच, कारण पाणी कमी पडलं तरी डोकं दुखतं आणि मग गोंधळ होतो. पण जास्त पाण्याने उंचीचा आजार टळत नाही, आणि फारच जास्त प्यायलं तर रक्तातलं मीठ उतरून नवीनच दुखणं उभं राहतं.

ज्या औषधाचा उपयोग सिद्ध झालेला आहे ते अ‍ॅसिटाझोलामाइड, लोकांच्या तोंडी ‘डायमॉक्स’. मूत्रपिंडं जे काम दोन-चार दिवसांत करतात त्याला ते वेग देतं, त्यामुळे श्वासावरचा लगाम लवकर सुटतो आणि रात्रीचा ऑक्सिजन कमी घसरतो. ते लक्षणं झाकत नाही, जुळवून घेण्याचीच गती वाढवतं. प्रौढांना सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निघण्याच्या आदल्या दिवसापासून वर पोचल्यानंतर दोन दिवसांपर्यंत, असं ते दिलं जातं. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार लागतं, सोडा बेचव लागतो. हे अपेक्षितच आहे. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ते आपल्या मनाने घेऊ नये. इतरांनीही डॉक्टरांना विचारूनच. पहिल्या रात्री झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी किंवा दारू घेतली तर श्वास आणखी मंदावतो, तेवढं कटाक्षाने टाळावं.

विदर्भ आणि नंदुरबारकडच्या प्रवाशांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. तिथल्या काही समाजांत सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे. आजार नसून केवळ वाहक असलेली माणसं एरवी पूर्ण निरोगी असतात, पण उंचीवर ऑक्सिजन घटला की त्यांच्या रक्तपेशी वाकून प्लीहेचा रक्तपुरवठा अडू शकतो. डाव्या बरगडीखाली अचानक तीव्र कळ आली तर ती पोटदुखी समजू नये. घरात कुणाला सिकलसेल असेल तर लेहचं तिकीट काढण्याआधी आपली तपासणी करून घेणं उत्तम. गर्भवती, फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असलेले, यांनीही आधी डॉक्टरांशी बोलावं.

कागदावरची सहल बदलता येते

लडाखचं प्रशासन विमानाने येणाऱ्यांना वर जाण्याआधी किमान 48 तास लेहमध्ये थांबायला सांगतं. तीन रात्री थांबलं तर आणखी चांगलं. श्रीनगरमार्गे गाडीने आलं तर श्रीनगर 1,585 मीटर, मग कारगिल सुमारे 2,700, मग लेह, अशा पायऱ्या आपोआप मिळतात. मनालीचा रस्ता दिसायला तसाच, पण बाइकवाल्यांचा आवडता सरचूचा मुक्काम 4,290 मीटरवर आहे. मनालीच्या 2,050 मीटरवरून एका दिवसात तिथे झोपायला जाणं हे विमानाने लेहला येण्यापेक्षा वाईट. मध्ये जिस्पा किंवा केलाँगला एक-दोन रात्री काढल्या तर रस्ता बराच सुरक्षित होतो.

पाच रात्रींच्या सहलीत हे बसत नाही, असं सहलवाले सांगतील. मग पँगाँगचा मुक्काम वगळून तिथे दिवसा जाऊन परत या, किंवा नुब्रा नाही तर पँगाँग, एकच काहीतरी निवडा. जागा कमी पाहून होतील. बुकिंग करताना विचारायचे प्रश्न दोनच: पहिल्या किती रात्री लेहमध्ये आहेत, आणि गाडीत भरलेला सिलिंडर असतो का? दुसऱ्याचं उत्तर ‘मागितला तर मिळेल’ असं आलं तर तो आधीच मागून ठेवावा.

आणि पहिल्या संध्याकाळी डोकं दुखून मळमळलं तर पित्ताची गोळी घेऊन गप्प बसू नका. बरोबरच्यांना आणि गाडीच्या चालकाला त्याच वेळी सांगा, साधी पॅरासिटामॉल घ्या, पडून राहा आणि दुसऱ्या दिवशीचा चढ रद्द करा. उंची वाढवली नाही तर बहुतेकांचं दुखणं एक ते तीन दिवसांत आपोआप जातं. विश्रांती घेऊनही वाढत गेलं, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठा. लेहहून दिल्लीची विमानं बहुतेक सकाळच्या वेळातच सुटतात, आणि खाली जाण्याचा तोच एक रस्ता असा आहे जिथे मध्ये खिंड येत नाही.